दाट जंगलाखालची जमीन लवकर निकस का होते?

ज्या जमिनीवर शंभर-शंभर फूट उंच झाडं उभी राहतात ती किती कसदार असेल, असं कुणालाही वाटेल. पण दक्षिण अमेरिकेत अॅमेझॉनच्या खोऱ्यात उलटाच अनुभव येतो. जंगल तोडून, जाळून पेरलं की पहिलं पीक बरं येतं. पण दोन-तीन पिकांतच जमीन थकते.

याचं कारण असं, की तिथला कस मातीत थोडा आणि झाडांत जास्त असतो. बारमाही ऊब आणि ओल असल्यानं पडलेला पाला लवकर कुजतो. त्यातून सुटलेलं अन्नद्रव्य खोल उतरायच्या आत झाडांची बारीक मुळं आणि मुळांवरची बुरशी ते उचलून घेतात. व्हेनेझुएलात सान कार्लोस इथल्या जंगलात अशा मुळांचा थर गादीसारखा जमिनीवर पसरलेला आहे. शास्त्रज्ञांनी त्यावर ओळखता येईल असं चुन्याचं द्रव्य आणि स्फुरद शिंपडून पाहिलं. थरातून खाली निसटलं ते हजारात जेमतेम एक भाग! हा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे तेच भांडवल पान, पाला, मूळ आणि पुन्हा पान असं फिरत राहतं.

आता जंगल जाळल्यावर काय होतं ते बघा. राखेतून चुना, पालाश, थोडं स्फुरद एकदम मिळतं आणि जमिनीचा आम्लपणा कमी होतो. पहिलं पीक येतं ते या राखेवर. नत्र मात्र बरंचसं धुरावाटे गेलेलं असतं. राखेतलं द्रव्य उचलणारी मुळंही मेलेली असतात. युगानुयुगं पावसानं धुतलेली ही माती अन्नद्रव्य फार धरत नाही. ते पाण्याबरोबर खाली जातं, काही धान्याबरोबर घरी जातं. जमीन पुन्हा आम्ल होते. मग मातीतलं अॅल्युमिनियम विरघळतं आणि पिकाची मुळं आखूड राहतात.

पेरू देशात युरिमाग्वास इथं १९७० नंतरच्या दशकात असे प्रयोग झाले. खताविना सलग पिकं घेतली तेव्हा तिसऱ्या पिकानंतर उत्पन्न जवळजवळ शून्यावर आलं. चुना आणि खतं मातीपरीक्षणानुसार दिली तिथं मात्र वर्षानुवर्षं पीक घेता आलं.

सगळ्याच जंगलजमिनी अशा नसतात. जावा बेटावरची ज्वालामुखीची माती किंवा नदीकाठची गाळाची जमीन सुपीक असते.

आपल्या कोकणात जांभ्याच्या वरकस जमिनीवर नाचणी, वरी घेऊन पुढं काही वर्षं जमीन पडीक ठेवत. त्यामागचं कारणही याच जातीचं. पडीक काळात झुडपं वाढून भांडवल पुन्हा गोळा करतात. अशा जमिनीत खालची जुनी पानं पिवळी पडू लागली तर नत्र संपत आलं, पानांच्या कडा करपल्या तर पालाश कमी पडलं, असं समजावं. तिथला पालापाचोळा जाळू नये, जागीच कुजू द्यावा, आणि खत एकदम न देता हप्त्यांनी द्यावं.