आंबील पिठाची प्रेस नोट
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेली मांडणी)



आपल्या राजूरच्या गटानं नाचणीचं तयार आंबील पीठ बाजारात आणलं, तेव्हा पेपरला द्यायची प्रेस नोट मीच लिहिली होती. बातमी छापून आली. प्रमुख पाहुणे कोण, नारळ कोणी फोडला, सगळं होतं. पीठ कितीला आणि कुठं मिळतं, हे मात्र नव्हतं. गटाच्या सचिव ताई म्हणाल्या, "मॅडम, पेपरात नाव आलं, पण पीठ विचारायला कुणी आलं नाही."

चूक पेपरची नव्हती. मी पहिल्या नऊ ओळी पाहुण्यांना दिल्या होत्या आणि पीठ शेवटी घातलं होतं. पेपरात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. पीठ तिथंच कापलं गेलं.

माझा मथळा होता, 'महिला सक्षमीकरणाच्या दिशेने दमदार पाऊल'. हा मथळा शिलाई वर्गालाही चालेल आणि शेळीपालनालाही! मग आम्ही बसून नवा केला : 'राजूरच्या महिला गटाचे तयार नाचणी आंबील पीठ बाजारात'. मथळा नीट झाला की नाही हे बघायची सोपी पद्धत आहे. बाकी नोट हातानं झाका, शेजारणीला फक्त मथळा वाचून दाखवा आणि विचारा, कोण काय विकतंय? तिला सांगता आलं पाहिजे.

त्याखालचा पहिला परिच्छेद असा लिहिला :

"राजूर (ता. अकोले) : येथील बारा महिलांच्या बचत गटाने नाचणीचे तयार आंबील पीठ विक्रीस आणले आहे. मोड आणलेली नाचणी वाळवून, भाजून, जिरे व मीठ घालून ते दळले जाते. २५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ६० रुपये असून ते राजूरच्या आठवडे बाजारात व गटाच्या केंद्रावर मिळेल. सध्या आठवड्याला ४० किलो पीठ तयार होते."

पाहुणे यानंतर, एका ओळीत. कुणी रागावेल अशी भीती असते, मलाही होती. पण त्यांचं नाव फोटोखाली येतंच.

४० किलोच्या ओळीवर गटात वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, आपण लहान आहोत हे कशाला सांगायचं? पण हिशोब बघा. मोड आलेली नाचणी सावलीत वाळायला दोन दिवस जातात, आणि आपल्याकडे पसरायला जागा एकाच ओसरीची. ४० किलोची पाकिटं होतात १६०. उद्या दुकानदारानं पाचशे मागितली आणि आपण दिली नाहीत, तर तो परत फोन करत नाही. आकडा आधीच छापला असेल तर तो त्या हिशोबानंच मागतो.

दुसरा वाद 'शुगर बरी होते' या वाक्याचा. ते मी काढलं. खाण्याची वस्तू आजार बरा करते असा दावा करायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे. पेपरात छापलेलं वाक्य पुरावा म्हणून राहतं आणि उत्तर गटाला द्यावं लागतं. म्हणून पिठात काय आहे आणि ते कसं केलं, एवढंच लिहायचं. वाचणारीला नाचणी माहीत आहे.

सगळ्यात शेवटी गटाची ओळख, तीन-चार ओळींची. ही दर वेळी नवी लिहायची नाही. एकदा नीट लिहून ठरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर ठेवायची आणि प्रत्येक नोटखाली तीच उतरवायची : गटाचं पूर्ण नाव, गाव, कोणत्या साली सुरू झाला, सदस्य किती, काय बनवतो, एफएसएसएआय नोंदणी आहे हे आणि संपर्काचा नंबर. खालून कापताना ही ओळख जाऊ शकते, म्हणून नंबर पहिल्या परिच्छेदाच्या शेवटीही टाका. वरच्या नोटमध्ये तो टाकायला मी विसरले होते, नंतर घातला.

नंबरावरून आठवलं. एका गटानं अध्यक्ष ताईंचा म्हणून नंबर दिला, पण तो फोन असायचा त्यांच्या मालकांच्या खिशात, आणि ते कामाला नाशिकला. लोक फोन करायचे, ते म्हणायचे, "मला काही माहीत नाही, घरी विचारा." किती गिऱ्हाइकं अशी गेली ते कळायलाही मार्ग नाही. म्हणून नोट पाठवायच्या आधी दुसऱ्या फोनवरून तो नंबर लावून बघायचा. दिवसा, कामाच्या वेळी. गटातल्या बाईनं उचलला आणि तिला भाव सांगता आला, तरच तो छापायला द्यायचा.

नोट वार्ताहराला कागदाचा फोटो काढून पाठवू नका. मोबाईलवर टाइप करून मेसेजच पाठवा, म्हणजे त्याला परत टाइप करावं लागत नाही आणि किंमत चुकायची शक्यता कमी होते. फोटो वेगळा, पाकिटावरचं नाव वाचता येईल असा.

पुढच्या मंगळवारी वरईच्या पिठाची नोट करायची आहे. त्या गटानं वही घेऊन या, ओळख तिथंच लिहून काढू.