साठीनंतरच्या पेन्शनचा अंदाज

राष्ट्रीय पेन्शन प्रणालीतल्या सरकारी कर्मचाऱ्याला साठाव्या वर्षी दरमहा किती मिळेल, याचा हिशेब आज करू.

समजा, वय 50 आहे आणि खात्यात 20 लाख रुपये आहेत. स्वतःचे आणि सरकारचे मिळून दरमहा 15 हजार जमा होतात. वार्षिक परतावा 8 टक्के, दरमहा चक्रवाढीने धरू. दहा वर्षांत आजचे 20 लाख सुमारे 44 लाख 40 हजार होतील. दरमहाच्या वर्गणीचे सुमारे 27 लाख 40 हजार होतील. एकूण जवळपास 72 लाख.

पण पेन्शन या सगळ्या रकमेवर मिळत नाही. सरकारी कर्मचाऱ्याला किमान 40 टक्के रकमेची वार्षिकी विमा कंपनीकडून घ्यावी लागते. इथे ती 28 लाख 80 हजार होते. वार्षिकीचा दर 6 टक्के धरला, तर वर्षाला 1 लाख 72 हजार 800, म्हणजे महिना 14 हजार 400 रुपये. उरलेली 60 टक्के रक्कम एकरकमी हाती येते.

आपल्या पश्चात मूळ रक्कम वारसांना परत हवी असेल, तर दर कमी मिळतो. शिवाय नेहमीच्या वार्षिकीत पेन्शन वाढत नाही. महागाई वर्षाला 5 टक्के राहिली, तर साठाव्या वर्षी त्या 14 हजार 400 रुपयांची किंमत आजच्या सुमारे 8 हजार 800 रुपयांइतकीच असेल.

म्हणून परताव्याचा दर 7 टक्के धरूनही हाच हिशेब एकदा करा, आणि कमी येणाऱ्या आकड्यावरच घरखर्चाचं नियोजन करा.