आधी आकडा, मग तारीख, मग दिलासा

(दम्माम-कतीफ परिसरातल्या मराठी मंडळींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कंपनीची फेररचना होते तेव्हा कर्मचाऱ्यांना ईमेल कसा लिहावा, यावर मी बोलावं असं संयोजकांनी सुचवलं. मी काही व्यवस्थापनशास्त्राचा प्राध्यापक नाही. कतीफजवळच्या एका मध्यम कंत्राटदार कंपनीत मी बरीच वर्षं प्रशासन सांभाळलं, आणि असे दोन ईमेल माझ्या हातून गेले. पहिला वाईट होता, दुसरा त्यातल्या त्यात बरा. दोघांमधला फरक सांगतो.

पहिला ईमेल २०१६ सालचा. तेलाचे भाव पडलेले होते. त्याच वर्षी या देशातल्या मोठ्या बांधकाम कंपन्यांत हजारो भारतीयांचे पगार थकले आणि सुषमा स्वराज यांना मंत्रालयातून लोकांच्या जेवणाची आणि परतीची व्यवस्था करावी लागली. आमच्या वर्कशॉपमध्येही रोज कुजबुज चालायची. मालकांनी मला सांगितलं, लोकांना धीर द्या. मी लिहून टाकलं, "आपण एक कुटुंब आहोत, कोणाचीही नोकरी धोक्यात नाही." लिहिताना मला ते खरंच वाटत होतं, पण ते खरं ठरवणं माझ्या हातात नव्हतं.

आमच्या एका सहकाऱ्याने त्या वाक्यावर विसंबून बायकोला आणि दोन मुलांना गावाहून आणलं. घर भाड्याने घेतलं, मुलांना दम्मामला शाळेत घातलं. जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियालची फी सुरू झाली. तिघांचे वर्षाला ३,६०० रियाल आणि तेही इकामा नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ. त्याने ते भरले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची जागा गेली. मुलांचं वर्ष अर्ध्यात तुटलं. जाताना तो मला रागावून काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही काहीच लिहिलं नसतं तर मी थांबलो असतो." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

इथे नोकरी जाणं म्हणजे फक्त पगार जाणं नव्हे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. इकामा, विमा, घर, मुलांची शाळा, सगळं एकाच खुंटीला टांगलेलं असतं. त्यामुळे आमच्या ईमेलमध्ये गोड शब्दाची किंमत पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी जास्त. वाचणारा त्या शब्दावर हजारो रियालचे निर्णय घेतो.

दुसरा ईमेल २०२० चा. ८ मार्चला कतीफला येण्याजाण्याचे रस्ते बंद झाले, आणि त्याच आठवड्यात तेलाचे भाव कोसळले. आमची दुरुस्तीची कामं पुढे ढकलली गेली. एप्रिलपासून तात्पुरती पगारकपात झाली. जूनमध्ये ठरलं की वर्कशॉप आणि साइट-मेंटेनन्स हे दोन विभाग एकत्र करायचे. १३६ जागांपैकी २२ जाणार.

मुख्य कार्यालयातून मसुदा आला. पहिले चार परिच्छेद बदलत्या बाजारपेठेवर, दोन कंपनीच्या मूल्यांवर, आणि "काही जागांवर परिणाम होईल" हे तळाशी. ही खोड फक्त आपल्याकडची नाही. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीफन इलॉप यांनी फोन विभागाला पाठवलेला ईमेल बघा. सुरुवातीला फोनच्या धोरणाची लांबण, आणि १२,५०० लोक कमी होणार हे खूप खाली. उलट मे २०२० मध्ये एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्की यांनी ७,५०० पैकी सुमारे १,९०० जण जाणार हे आकड्यात सांगितलं, आणि प्रवास पुन्हा कधी सुरू होईल हे माहीत नाही, हेही कबूल केलं.

मसुदा मी आमच्या स्टोअरकीपरला दाखवला. त्याची जागा जाणार हे त्याला आदल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं. त्याने शांतपणे वाचलं आणि विचारलं, "कायद्याप्रमाणे सर्व देणी दिली जातील म्हणजे किती?" मग आम्ही दोघांनी कागद घेतला.

त्याचा पगार ६,००० रियाल, नोकरी नऊ वर्षं. कंपनीने काढलं तर पहिल्या पाच वर्षांना प्रत्येकी अर्धा पगार, म्हणजे १५,०००. पुढच्या चार वर्षांना प्रत्येकी पूर्ण पगार, म्हणजे २४,०००. एकूण ग्रॅच्युइटी ३९,०००. करार ३० सप्टेंबरपर्यंत होता आणि काम ३१ जुलैला संपणार होतं. उरलेल्या दोन महिन्यांचे १२,०००, वीस दिवसांच्या रजेचे ४,०००. सगळे मिळून ५५,००० रियाल.

मग त्याने खिशातून दुसरा कागद काढला. कोणीतरी त्याला "सोयीसाठी" राजीनाम्याचा छापील फॉर्म दिला होता. राजीनामा दिला की पाच ते दहा वर्षं नोकरी झालेल्याला ग्रॅच्युइटीचे दोन-तृतीयांशच मिळतात. म्हणजे ३९,००० चे २६,००० झाले असते, आणि उरलेल्या महिन्यांचा पगारही हातचा गेला असता. तेव्हा मला कळलं की लोकांना धीर देणारं सगळ्यात मोठं वाक्य "आम्हाला तुमची काळजी आहे" हे नसून "कोणीही राजीनाम्यावर सही करू नका" हे आहे.

आणखी दोन फटी त्यानेच दाखवल्या. हिशोब मूळ पगारावर की भत्त्यांसकट? आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, मग कपात झालेल्या पगारावर मोजणार का? दोन्हींची उत्तरं मी मालकांकडून लेखी घेतली आणि मगच ईमेल लिहायला बसलो. ज्याचं उत्तर लेखी मिळालं नाही ते ईमेलमध्ये घातलं नाही. १४ जून, रविवारी तो गेला. मूळ इंग्रजीत होता, तो मराठीत असा:

"सहकाऱ्यांनो, वर्कशॉप आणि साइट-मेंटेनन्स हे विभाग १ ऑगस्टपासून एक होत आहेत. त्यामुळे १३६ पैकी २२ जागा बंद होत आहेत. त्या २२ जणांशी काल आणि आज सकाळी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलणं झालं आहे. तुमच्याशी कोणी बोललेलं नसेल तर तुम्ही त्या यादीत नाही.

"कारण असं की पुढच्या सहा महिन्यांचं निम्मं काम ग्राहकांनी पुढे ढकललं आहे. यात या २२ जणांच्या कामाचा दोष नाही.

"ज्यांची जागा जात आहे त्यांचा शेवटचा कामाचा दिवस ३१ जुलै. ही कंपनीने केलेली सेवासमाप्ती आहे; कोणीही राजीनाम्यावर सही करू नये. ग्रॅच्युइटी भत्त्यांसकट आणि कपातीपूर्वीच्या पूर्ण पगारावर मोजली जाईल. करारात उरलेल्या महिन्यांचा पगार मिळेल. प्रत्येकाला हिशोबाचा कागद गुरुवारपर्यंत मिळेल आणि पैसे ६ ऑगस्टपर्यंत खात्यात जमा होतील. इकामा, विमा आणि राहण्याची खोली ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहील. दुसरीकडे नोकरी मिळाली तर ना-हरकत पत्र दोन दिवसांत देऊ. परतीचं तिकीट हातात आल्याशिवाय कोणाचाही फायनल एक्झिट काढणार नाही.

"उरलेल्या ११४ जणांसाठी: आज आणखी कपात ठरलेली नाही. पुढे होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. ढकललेली कामं परत येतील की नाही हे मला माहीत नाही. १५ ऑक्टोबरला मी पुन्हा लिहीन, तेव्हा सांगण्यासारखं नवीन काही असो वा नसो."

फायनल एक्झिटचं वाक्य का घातलं ते सांगतो. तो निघाला की ६० दिवसांत देश सोडावा लागतो. त्या उन्हाळ्यात नेहमीची विमानं बंद होती, 'वंदे भारत'च्या मोजक्या फेऱ्यांत जागा मिळणं नशिबावर होतं. घाईने एक्झिट काढला असता तर माणूस दंडाच्या कचाट्यात अडकला असता. ना-हरकत पत्राचंही तसंच. १४ मार्च २०२१ पासून नियम बदलले, आणि काही अटी पाळून मालकाच्या संमतीशिवायही नोकरी बदलता येऊ लागली. २०२० मध्ये मात्र ते पत्र म्हणजे इथे टिकण्याचा दरवाजा होता. दोन्ही गोष्टी कंपनीच्या हातातल्या होत्या, म्हणून त्यांचं वचन देता आलं.

आता चुका. ईमेल सकाळी दहाला गेला. साइटवरच्या बऱ्याच जणांना कंपनीचा ईमेलच नव्हता. त्यांना सुपरवायझरने चार वाजता वाचून दाखवायचं ठरलं होतं. त्या सहा तासांत बावीसचे साठ झाले. चहा घेऊन आलेल्या पोऱ्याने कोणाच्या तरी फोनवर अर्धंच वाचलं होतं. एका फिटरने घाबरून घरी फोन करून मुलीचं लग्न पुढे ढकलायला सांगितलं. तो यादीत नव्हताच. तेव्हापासून माझा नियम, की वाचून दाखवणं आणि ईमेल पाठवणं एकाच मिनिटाला, आणि हिंदी, मल्याळम, अरबी मजकूर आधीच तयार.

दुसरी चूक अशी की नवा एकत्र विभाग कोणाच्या हाताखाली, हे मी लिहिलं नाही. उरलेल्या ११४ जणांना पहिला प्रश्न तोच होता, आणि आठवडाभर दोन साहेब एकाच माणसाला दोन वेगळी कामं सांगत होते. जाणाऱ्यांची काळजी घेताना राहणाऱ्यांना सोमवारी सकाळी कुठे उभं राहायचं हे सांगायचं राहून गेलं.

१५ ऑक्टोबर आला. ग्राहकांकडून काहीच कळलेलं नव्हतं. मालक म्हणाले, काही नाही तर कशाला लिहिता? मी चार ओळी लिहिल्या, "अजून माहीत नाही. आणखी कपात आजही ठरलेली नाही. १५ डिसेंबरला पुन्हा लिहीन." त्या चार ओळींवर जितके आभाराचे निरोप आले तितके जूनच्या ईमेलवर आले नव्हते. डिसेंबरमध्ये आणखी सहा जणांना जावं लागलं. त्यातल्या एकानेही "तुम्ही फसवलंत" असं म्हटलं नाही. वाईट वाटलं, भांडणही झालं, पण तारखा त्यांना माहीत होत्या. एकाने तर ऑक्टोबरचा ईमेल वाचून कुटुंबाला आणायचा बेत आधीच थांबवला होता.

तुमच्यापैकी अनेकांवर असा ईमेल लिहिण्याची वेळ येईल, आणि काहींवर तो वाचण्याची. लिहिणाऱ्याने पाठवण्याआधी तो यादीतल्या एका माणसाला वाचायला द्यावा. "म्हणजे किती?" आणि "कधीपर्यंत?" हे दोन प्रश्न त्याने विचारले, तर ईमेल अजून झालेला नाही असं समजावं. आमचा स्टोअरकीपर सप्टेंबरच्या शेवटी गावी गेला. पैसे ५ ऑगस्टला जमा झाले होते, म्हणजे सांगितलेल्या तारखेच्या एक दिवस आधी. राजीनाम्याचा तो कोरा फॉर्म त्याने मला परत दिला. तो मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे.