चित्रस्पर्धेचा निकाल कसा सांगावा



शाळेतील चित्रस्पर्धेचा निकाल जाहीर करणे हे पाच मिनिटांचे काम समजले जाते. प्रार्थनेनंतर तीन नावे पुकारावयाची, टाळ्या वाजवावयाच्या, वह्या-पेन्सिली हाती द्यावयाच्या आणि तासाला प्रारंभ करावयाचा. परंतु चाळीस मुलांनी चित्रे काढली असतील, तर त्या पाच मिनिटांत उरलेल्या सदतीस मुलांनाही एक निकाल मिळत असतो. आपल्या चित्राविषयी गुरुजींना सांगण्यासारखे काहीच आढळले नाही, हा तो निकाल होय. पुढील महिन्यात कोणते मूल आपणहून कागद मागेल व कोणते मागणार नाही, हे पुष्कळ अंशी याच वेळी ठरते.

विजेत्यांचे अभिनंदन करतानाही काही सावधगिरी आवश्यक आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतील, चित्रे काढण्याची मुळातच गोडी असलेल्या ५१ मुलांवर केलेला होता. काही मुलांना आधीच सांगण्यात आले की, चित्र काढाल तर फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र काढून झाल्यावर अनपेक्षितपणे दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनंतर मोकळ्या खेळाच्या वेळी निरीक्षण केले, तेव्हा आधी आमिष दाखविलेली मुले त्या वेळेचा सुमारे नऊ टक्के भागच चित्रे काढण्यात घालवीत होती. इतर दोन्ही गटांतील मुले मात्र सतरा-अठरा टक्के वेळ देत होती. आमिषापोटी काढलेली चित्रे गुणांनीही उणी ठरली.

या प्रयोगाचा अर्थ जपून लावला पाहिजे. ती मुले तीन ते पाच वर्षांची होती. चौथी-पाचवीच्या मुलांबाबत तेच आकडे येतील, असे म्हणता येणार नाही. शिवाय अनपेक्षित प्रशस्तिपत्राने काही हानी झाली नाही, हेही त्यात दिसते. तेव्हा पारितोषिक देऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. मात्र निकाल सांगता सांगता पुढल्या खेपेच्या बक्षिसाचे आमिष दाखविणे टाळावे, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

निकाल नीट सांगावयाचा तर आधी चित्रे नीट पाहिली पाहिजेत. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके याने १९२७ साली मुलांच्या चित्रांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक विचार शिक्षकाने अवश्य ध्यानी ठेवावा: लहान मूल डोळ्यांना दिसते ते काढीत नाही, तर त्या वस्तूविषयी त्याला जे ठाऊक असते ते काढते. म्हणून घराच्या भिंतीतून आतली चूल दिसते. रस्त्याच्या दुतर्फा असलेली झाडे दोन्हीकडे आडवी पडल्यासारखी दिसतात. या चुका नव्हेत. मूल आपल्या मनातील माहिती कागदावर मांडीत असते. वय वाढते तशी ही पद्धत आपोआप मागे पडू लागते. यासाठी पहिली-दुसरीची चित्रे चौथीच्या चित्रांशेजारी ठेवून तोलू नयेत. इयत्तावार वेगळी मांडावीत.

आता एक उदाहरण घेऊ. चौथीच्या वर्गाला ‘आठवड्याचा बाजार’ हा विषय दिला आहे, असे समजा. पहिल्या चित्रात दोन डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली नदी व एक झोपडी आहे. रंग स्वच्छ भरले आहेत आणि कोपऱ्यात दोन पाले दिसतात. दुसऱ्या चित्रात कांदे विकणारी बाई आहे. तिचा तराजू जवळजवळ तिच्याएवढाच मोठा आहे, टोपली वरून पाहिल्यासारखी गोल आहे आणि कमरेच्या पिशवीतील नाणी कापडातून स्पष्ट दिसतात. तिसऱ्या चित्रात रस्ता असून दोन्ही बाजूंना बैल आहेत. एका बाजूचे बैल उलटे दिसतात आणि रबराने खोडून खोडून कागद फाटला आहे.

घाईने पाहिले तर पहिले चित्र पुढे जाते, कारण ते नीटनेटके आहे. परंतु तेच डोंगर, तोच सूर्य शेजारच्या चार कागदांवरही सापडतील. एकच आकृती अनेक कागदांवर त्याच जागी आढळली, तर ती फळ्यावरून, पुस्तकावरून अथवा शेजाऱ्याकडून आली, असे समजावे. बाजार पाहिलेला आहे तो दुसऱ्या व तिसऱ्या चित्रांत. मापात मारले तर जात नाही ना, ही बाजारातली खरी काळजी. म्हणून त्या मुलीने तराजू मोठा काढला. पहिला क्रमांक तिचा.

निकाल सांगताना केवळ “छान” किंवा “हुशार” म्हणून थांबू नये. “हिच्या चित्रात सर्वांत मोठा तराजू आहे. बाजारात गिऱ्हाइकाचे डोळे कोठे लागलेले असतात, हे हिने पाहिले,” असे सांगितले म्हणजे पारितोषिक कशाबद्दल मिळाले, हे सर्व वर्गाला कळते. तिसऱ्या मुलाला म्हणावे, “रस्त्याच्या मधोमध उभे राहिले म्हणजे दोन्हीकडचे बैल आपल्याकडे तोंड करून असतात, ते तू दाखविलेस.” पहिल्या मुलाला खोटी स्तुतीही नको आणि चारचौघांत नक्कल म्हणून हिणवणेही नको. “कोपऱ्यातली दोन पाले तुझी स्वतःची आहेत. तेथे कोण बसले होते?” एवढे विचारावे. त्याच्या पुढल्या चित्राचे बीज त्या प्रश्नात असते.

असे एकेक वाक्य चाळीसही चित्रांच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहावे. दोन संध्याकाळी हे काम होते. चित्राच्या दर्शनी बाजूवर मात्र शिक्षकाने रेघ ओढू नये. सुधारलेला बैल मग मुलाचा राहत नाही. सर्व वाक्ये प्रार्थनेच्या वेळी वाचता येणार नाहीत. विजेत्यांची तेथे वाचावीत. इतरांची वर्गात कागद हाती देताना सांगावीत. जे वाक्य कोणत्याही चित्रामागे खपेल, ते खोडून पुन्हा चित्र पाहावे.

निकालानंतर एक दोष हमखास उद्भवतो. पुढल्या आठवड्यात निम्म्या वर्गाच्या कागदांवर मोठा तराजू दिसू लागला, तर मुलांनी पाहणे सोडून विजेत्या चित्राचे अनुकरण आरंभिले, असे ओळखावे. विजेते चित्र एकटेच कार्यालयात टांगले असता असे होते. ते इतर चित्रांच्या रांगेत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे. आठ दिवसांनी सर्व चित्रे उतरवून ज्याची त्याला परत द्यावीत.

त्याच दिवशी प्रत्येकाच्या हाती कोरा कागद द्यावा व नवा विषय सांगावा: पाणवठा, खळे अथवा एस. टी.चा थांबा. या खेपेस क्रमांक नाहीत, हेही स्पष्ट सांगावे. दुसऱ्या दिवशी किती कागद रंगून आले, ते मोजावे. निकाल योग्य रीतीने सांगितला गेला की नाही, याची खरी परीक्षा त्या मोजणीत होते.