वाक्प्रचाराचा अनुवाद : शब्द आणि प्रसंग

इंग्रजी रंगभूमीवर नट प्रवेशासाठी निघाला की सहकारी त्याला 'ब्रेक अ लेग' म्हणतात. शब्दशः अर्थ 'पाय मोडून घे'. हेतू मात्र शुभेच्छेचा. उघड शुभ चिंतिले तर दैव उलटते, म्हणून अशुभ बोलून त्याला चकवावे, अशी यामागची समजूत सांगतात. इटालियन नट याच प्रसंगी 'लांडग्याच्या तोंडात जा' म्हणतात.

आता समजा, एका कादंबरीत लंडनच्या नाटकगृहातील वृद्ध वेशभूषाकार पहिल्याच प्रयोगासाठी निघालेल्या तरुण नटीला हे शब्द उच्चारतो. अनुवादकाने 'पोरी, पाय मोडून घे' असे लिहिले, तर मराठी वाचकाला तो शाप वाटेल. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालाला तीट लावण्याची रीत आपणांस ठाऊक आहे. पण बोलण्यात आपला कल नेमका उलट असतो. घरातून निघताना आपण 'जातो' हा शब्दही टाळतो आणि 'येतो' म्हणतो. अशुभाचा उच्चारच वर्ज्य मानणाऱ्या भाषेत तो उच्चार शुभेच्छा म्हणून ऐकू येत नाही.

म्हणून शब्द बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारावे : कोण बोलतो, कोणाला बोलतो, आणि बोलून काय साधतो? येथे एक वडीलधारा माणूस घाबरलेल्या मुलीला धीर देत आहे. मराठी रंगपटात अशा वेळी 'जा पोरी, प्रयोग रंगू दे!' असे सहज म्हटले जाईल. समवयस्क नट बोलत असता, तर 'पोरी' गळून 'रंगव आज!' एवढेच पुरले असते. 'आपणांस सुयश लाभो' हे अर्थाने बरोबर, परंतु ते निमंत्रणपत्रिकेत शोभेल, रंगपटात नव्हे. उलट, त्या इंग्रज वृद्धाच्या तोंडी 'मोरया' घातला, तर लंडनचे नाटकगृह एका शब्दात पुण्यास येईल.

या उपायालाही मर्यादा आहे. पुढच्याच प्रवेशात ती नटी घसरून पडली, खरोखरच तिचा पाय मोडला, आणि लेखकाने त्यावर विनोद साधला, तर 'प्रयोग रंगू दे' निरुपयोगी ठरते. तेथे पाय राखलाच पाहिजे. मग वृद्धाच्या बोलण्यातच चालीचा उलगडा करावा : 'आम्हां नाटकवाल्यांत शुभ बोलू नये म्हणतात, तेव्हा जा, पाय मोडून ये!' दोन-चार शब्द वाढतात, पण शाप टळतो आणि विनोदही वाचतो.

शेवटी मूळ पुस्तक मिटून केवळ मराठी संवाद मोठ्याने वाचावा. ऐकणाऱ्याने 'हा असे का बोलला?' असे विचारले, तर अनुवाद अद्याप पुरा झालेला नाही, असे समजावे.