बाल्कनीचं चित्र आणि समोरची इमारत



नव्या फ्लॅटची बाल्कनी संगणकावर आधीच चितारून दाखवतात.
त्याला रेंडर म्हणतात.
खुर्ची, कुंड्या, कठडा, मागे शेजारची इमारत.
सगळं सुरेख दिसतं.
पण मापं खरी आहेत का?

समजा, बाल्कनी चार फूट खोल आहे.
खुर्चीने दोन फूट घेतले.
उरले दोन.
त्यात एक फुटाची कुंडी ठेवली,
की माणसाला तिरकं होऊनच जावं लागतं.
चित्रात मात्र तिथे ऐसपैस जागा दिसते.
कारण कॅमेऱ्याचं भिंग फार रुंद ठेवलेलं असतं.
रुंद भिंग जवळचं मोठं करतं,
आणि समोरची इमारत दूर ढकलतं.

मग मागची इमारत खरी आहे का, ते ओळखायचं कसं?
कठडा बघा.
तो साधारण साडेतीन फूट उंच.
उभ्या माणसाची नजर पाच फुटांवर.
शेजारच्या इमारतीत आपल्याच पातळीवरचा मजला शोधा.
त्याचा कठडाही आपल्या नजरेच्या थोडा खालीच दिसायला हवा.
इमारत जवळ असो वा लांब, हे बदलत नाही.
तो कठडा नजरेच्या वर गेला, किंवा फार खाली उतरला,
तर मागे नुसता फोटो चिकटवलाय, असं समजा.

पुन्हा सांगते.
आधी कठडा बघा,
मग समोरचा तोच मजला.

आणि चित्र करणाऱ्याला जरूर विचारा,
दोन इमारतींमधलं अंतर नकाशावरून घेतलंय ना?
खरं ऊन, खरा आडोसा त्यावरही ठरतो.
तुळस जगेल की नाही, तेही.