बांबू खाली ठेवा



बटाट्याची काढणी सुरू झाली की आमच्यासारख्या पशुवैद्यांना ठरलेले फोन येऊ लागतात. "डॉक्टर, गाईच्या घशात बटाटा अडकलाय, तोंडातून फेस येतोय." मी विचारतो, "कुणी काही घातलं नाही ना आत?" पलीकडे जरा शांतता. मग, "नाही म्हणजे, जरासं बांबूनं ढकलून बघितलं." हे "जरासं" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझं आजचं सगळं बोलणं त्या बांबूबद्दल आहे. वेळ थोडा आहे, म्हणून सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. घशात अडकलेली वस्तू आत ढकलू नका. काठीनं नाही, पाण्याच्या पाइपनं नाही, उसाच्या कांड्यानंही नाही.

गाय घाईत गिळते आणि निवांत चावते, हे मी तुम्हाला सांगायला नको. वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत, जिभेनं ओढायचं आणि गिळायचं, चावणं पुढे रवंथाच्या वेळी. कडबाकुट्टीला हे चालतं. बटाटा निसटता, गोल आणि कडक. फार मोठा असला तर ती चावते, लिंबाएवढा असला तर बहुधा उतरून जातो. घोटाळा होतो तो अंड्यापासून मुठीएवढ्या मालात. आणि निवडीत बाजूला काढून गोठ्याकडे येतो तो नेमका हाच माल, सोबत चिरलेला आणि हिरवा पडलेला. हिरव्या बटाट्यात विष असतं, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

सातगाव पठाराकडची एक गोष्ट सांगतो. पावसाळी बटाट्याची काढणी चालू होती. संकरित गाय, तिसऱ्या वेताची, दावं सुटून ढिगाशी गेली. घरातला मुलगा ओरडत धावला. गाईनं दचकून मान वर केली आणि तोंडात होता तो बटाटा तसाच गिळला. ढिगावरून जनावर हाकलताना आरडाओरडा करू नका, तो यासाठी. मान खाली असेल तर बटाटा तोंडातून पडायला वाव असतो, वर झाली की तो आतच जातो.

पाच मिनिटांत तिनं मान पुढे ताणली, जीभ बाहेर, खोकला, लाळेच्या तारा. पाणी दाखवलं तर प्यायली आणि तेच पाणी नाकावाटे परत आलं. मानेच्या डाव्या बाजूला, जबड्याच्या मागे वीतभर अंतरावर गाठ हाताला लागत होती. इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. बटाटा मानेत होता, बाहेरून दिसत होता, बाहेरून धरता येत होता. याहून सोपी जागा असत नाही.

मग शेजारचे एक जाणते आले. त्यांनी बांबूच्या टोकाला फडकं गुंडाळलं, तेल लावलं आणि दोघांनी जबडा धरून तो आत सारला. गाठ दिसेनाशी झाली. सगळ्यांना वाटलं, उतरला. उतरला कुठला? तो मानेतून छातीत गेला आणि हृदयाच्या वर जाऊन बसला. तिथे कुणाचा हात पोचत नाही. शिवाय बांबूनं अन्ननलिका फाटली होती. दुसऱ्या दिवशी मानेची कातडी फुगली, दाबली की खाली हवा चरचरत होती. ताप चढला, तोंडाला घाण वास येऊ लागला. गिळलेली लाळ फाटलेल्या जागेतून छातीत झिरपत होती. एकदा तिथे पू धरला की कितीही भारी इंजेक्शन द्या, फारसं हाती लागत नाही. चौथ्या दिवशी गाय गेली. आता सांगा, ती बटाट्यानं गेली का?

हे असं का होतं? बोटात अडकलेली अंगठी आठवा. घाबरून ओढत सुटलं की बोट सुजतं, सुजलं की अंगठी आणखी रुतते, आणि रुतली की माणूस आणखी ओढतो. घरातली शहाणी बाई काय करते? आधी ओढणं थांबवायला लावते. हात वर धरून बसवते, बोट सैल पडू देते, आणि अंगठी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं फिरवत फिरवत परत आणते. अंगठी पुढे रेटून पंजातून काढावी, असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. गाईची अन्ननलिका साधारण तीन फुटांची, पूर्ण स्नायूंची नळी आहे. तिच्यात कठीण वस्तू थांबली की ती आवळून धरते. वरून टोचलं की आणखी आवळते, आतलं अस्तर सुजतं. म्हणजे बोट आणि अंगठी दोन्ही एकाच वेळी घट्ट होतात. फक्त एक फरक आहे. अंगठीला तेल लावतात म्हणून इथे तेलाची बाटली शोधू नका. गिळता न येणाऱ्या जनावराला पाजलेलं तेल फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. तेल नाही, पाणी नाही, ताक नाही, काढा नाही. तोंडावाटे काहीही नाही.

आता तुम्ही करायचं काय ते बघू.

आधी समोरचा चारा, पेंड, पाण्याची बादली सगळं उचला. गाईला मोकळ्या जागी, पुढचे पाय चढावर येतील अशी उभी करा. डोकं आवळून वर बांधू नका, लाळ बाहेर गळू द्या. गर्दी हटवा. बसली तर छातीवर बसू द्या, कुशीवर आडवी पडू देऊ नका. मग डावीकडे जाऊन भकाळी बघा, म्हणजे शेवटची बरगडी आणि पुठ्ठ्याचं हाड यांच्यामधला खळगा. हा खळगा भरतोय का, ही सगळ्यात महत्त्वाची खूण. गाईच्या पोटात तासाला तीस-पन्नास लिटर वायू तयार होऊ शकतो. एरवी ढेकरेवाटे तो बाहेर पडतो. बटाट्यानं नळी पूर्ण बंद केली की ढेकर बंद, पोट फुगतं, फुप्फुसाला जागा उरत नाही आणि जनावर काही तासांत गुदमरतं. घोड्याला अडकलं तर थोडी उसंत मिळते, गाई-म्हशीला मिळत नाही ती यामुळे. अर्धवट अडथळा असेल तर थोडा वायू सुटत राहतो, लाळ गळते पण पोट फारसं फुगत नाही. तेव्हा हाताशी वेळ असतो.

हे बघत असतानाच फोन करा. जवळचा दवाखाना नाहीतर 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक. फोनवर नुसतं "लवकर या" म्हणू नका. काय गिळलं, कधी गिळलं, मानेत गाठ लागते का, भकाळी किती भरली, आणि तोंडात काही घातलंय का, हे सांगा. घातलं असेल तर लपवू नका हो, आम्ही रागावलो तरी पुढचं औषध त्यावर ठरतं.

तोंडात हात घालायचा मोह आवरा. एक तर दाढा धारदार असतात, बोट जातं. दुसरं त्याहून मोठं. लाळ गळणं आणि गिळता न येणं ही पिसाळण्याचीही लक्षणं आहेत. घशात काहीतरी अडकलंय समजून पिसाळलेल्या गाईच्या तोंडात हात घालणारे लोक असतात. बटाटा गिळताना कुणी पाहिलं नसेल, मानेत गाठ लागत नसेल, आवाज घोगरा झाला असेल, मागचे पाय लटपटत असतील, मागच्या काही महिन्यांत कुत्रं चावल्याची शंका असेल, तर लांब राहा. हात घालून झालाच असेल तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

डॉक्टर आल्यावर काय करतात तेही ऐका, म्हणजे "नुसते बघत उभे राहिले" असा गैरसमज होणार नाही. ते आधी गाईला शांत करण्याचं आणि नळीचे स्नायू सैल पाडण्याचं इंजेक्शन देतात. मग खरोखर थोडं थांबतात. अंगठीच्या बोटाला जसं सैल पडू दिलं, तसं. बटाटा मानेत असेल तर जबड्यात अडकण लावतात, एक जण बाहेरून दोन्ही बाजूंनी बोटं लावून गाठ हळूहळू वर सरकवतो, दुसरा घशाशी आलेली वस्तू हातानं काढतो. म्हणजे आला त्या वाटेनं परत. मानेतला बटाटा पुष्कळदा असाच निघतो.

खाली छातीत असेल आणि पोट फुगलं असेल, तर भकाळीतून ट्रोकार घालून वायू सोडतात आणि नळकांडं तिथेच ठेवतात. बटाटा जागचा हललेला नसतो, पण जीव वाचलेला असतो. स्नायू सैल पडतात, बटाटा लाळेत भिजतो, आणि एक-दोन दिवसांत कधीकधी आपोआप उतरतो. डॉक्टरही तोंडातून नळी घालतात, मग आमचा बांबू काय वाईट, असं मला विचारलं गेलंय. ती नळी मऊ असते, इंजेक्शननंतर घालतात, आणि अडली की हात थांबतो. बांबूवाल्याचा हात अडल्यावर जोर करतो, सगळा फरक तिथे आहे. आणि फळी आणि दगडाच्या मध्ये मान धरून बटाटा फोडायचा प्रकार अजून काही गावांत चालतो, तोही बंद करा. बटाटा फुटो न फुटो, नळी नक्की चेचते. जखम भरताना ती आखडते, आणि ते जनावर पुढे जन्मभर अडखळत गिळतं.

भकाळीत सुरी खुपसायची का, हे तुम्ही विचारणार. ट्रोकार कुठे, कसा, कुणी वापरायचा हे हातात धरूनच शिकवावं लागतं. तुमच्या भागातल्या पशुधन पर्यवेक्षकाला एकदा प्रत्यक्ष दाखवायला सांगा. रेडिओवरून ती जागा...

समोरून खूण झाली, दोनच मिनिटं आहेत. बटाटा खाऊ घालायचाच असेल तर पातळ काप करा किंवा ठेचून कुट्टीत मिसळा. चार तुकडे करून भागत नाही, मोठी फोड अख्ख्या बटाट्यासारखीच अडकते. गाय उपाशी असताना देऊ नका, आधी वैरण टाका. गव्हाण खाली ठेवा, मान खाली राहील. रताळी, गाजर, बीट, मक्याचं कणीस, सगळ्याला हेच लागू. कोकणातल्या श्रोत्यांसाठी आंब्याचं सांगायचं होतं. झाडाखाली पडलेला रायवळ गाय अख्खा गिळते. गर निघून जातो, कोय उरते, आणि कोय बटाट्यासारखी भिजून मऊ होत नाही, म्हणून तिथे वाट बघण्यात अर्थ नसतो, लवकर... बरं, वेळ संपली. तेवढा बांबू मात्र खाली ठेवा.